कन्सोलसाठी टीव्ही की गेमिंग मॉनिटर? आधी मोबाईलने लॅग मोजा, मग ठरवा

माझ्या भाच्याचा फोन आला, "मामा, मला १ मिलिसेकंदवाला मॉनिटर घ्यायचाय, टीव्हीवर बटण दाबलं की माणूस उशिरा उडी मारतो." म्हटलं थांब, आधी येतो आणि बघतो. कारण बॉक्सवरचे ते १ मिलिसेकंद आणि त्याची उशिरा पडणारी उडी यांचा एकमेकांशी काही संबंध नाहीये. हा घोळ खूप जण करतात आणि मग नवीन स्क्रीन आणून तरी त्रास तसाच राहतो, म्हणून त्याच्याकडे आम्ही जे जे केलं ते सगळं इथे लिहितोय.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. इनपुट लॅग म्हणजे कन्सोलने पाठवलेलं चित्र स्क्रीनवर दिसायला लागेपर्यंत जो वेळ जातो तो. टीव्ही मधल्यामधे चित्रावर प्रोसेसिंग करत बसतो, रंग सुधारतो, दोन फ्रेममधे स्वतःची तिसरी फ्रेम घुसवतो, त्यात हा वेळ जातो. रिस्पॉन्स टाईम म्हणजे चित्र आल्यावर एक पिक्सेल एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला किती वेळ घेतो. पहिला जास्त असेल तर हाताला कळतं, गेम जड वाटतो, चिखलात चालल्यासारखा. दुसरा जास्त असेल तर डोळ्याला कळतं, हलणाऱ्या गोष्टीमागे शेपूट दिसते. भाच्याची तक्रार हाताची होती आणि तो औषध डोळ्याचं आणायला निघाला होता.

पायरी १: आहे त्या स्क्रीनचा लॅग मोजा

यासाठी कुठलंही मशीन लागत नाही, मोबाईलचा स्लो मोशन कॅमेरा बास आहे. २४० फ्रेमवर शूट केलं की एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदाची होते. तुमच्या फोनमधे १२० च असेल तर ८.३ ची, तेही चालेल, फक्त मोजमाप थोडं जाडंभरडं येईल. काही फोन ९६० वगैरे लिहितात पण त्यातल्या बऱ्याच फ्रेम सॉफ्टवेअरने मधेच बनवलेल्या असतात, त्या नादी लागू नका.

कंट्रोलर स्क्रीनच्या समोर असा धरा की अंगठा आणि स्क्रीनचा मधला भाग दोन्ही एकाच शॉटमधे येतील. असा गेम लावा ज्यात बटण दाबल्या दाबल्या काहीतरी हलतं, फायटिंग गेमचा ट्रेनिंग मोड सगळ्यात सोपा कारण तिथे दुसरा कोणी त्रास देत नाही. एकच मूव्ह दहा वेळा करा, मधे एकेक सेकंद थांबत. मग व्हिडीओ एखाद्या एडिटिंग ॲपमधे उघडून फ्रेम फ्रेम पुढे सरकवत मोजा, अंगठ्याने बटण पूर्ण दाबलं ती फ्रेम आणि कॅरेक्टर पहिल्यांदा हललं ती फ्रेम, मधे किती गेल्या. दहाची सरासरी काढा. एकदाच मोजून चालत नाही कारण ६० फ्रेमच्या गेममधे तुमचं बटण फ्रेमच्या सुरवातीला पडलं की शेवटाला यानेच १६.७ मिलिसेकंदापर्यंत फरक पडतो, म्हणजे व्हिडीओत चार फ्रेम.

स्क्रीनच्या मधल्या भागाकडेच बघायचं हे पण लक्षात ठेवा. स्क्रीन वरून खाली रंगत जाते, ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलताना, पूर्ण खाली पोचायला साधारण १६.७ मिलिसेकंद, त्यामुळे वरचा कोपरा आधी बदलतो आणि खालचा नंतर. एकदा वर आणि एकदा खाली बघितलंत तर स्वतःच स्वतःला फसवाल.

भाच्याच्या टीव्हीवर पहिल्यांदा सरासरी ४२ फ्रेम आल्या, म्हणजे १७५ मिलिसेकंद. हा सगळा टीव्हीचा लॅग नाही हं, यात कंट्रोलरचा वेळ आहे, गेमच्या स्वतःच्या इंजिनचा आहे, आणि मग टीव्हीचा. पण कंट्रोलर आणि गेम तोच ठेवून फक्त टीव्हीची सेटिंग बदलली तर जो फरक येतो तो शंभर टक्के टीव्हीचाच. मग त्याच्या टीव्हीचा पिक्चर मोड बघितला तर "स्टँडर्ड"! गेम मोड चालू केला, परत दहा वेळा मोजलं, २० फ्रेम, ८३ मिलिसेकंद. म्हणजे एका सेटिंगने ९२ मिलिसेकंद गेले. भाचा गप्पच बसला.

तर मॉनिटर बघायच्या आधी हे करा. आताचे बरेच टीव्ही कन्सोल चालू झाला की आपोआप गेम मोडला जातात, त्याला ऑटो लो लेटन्सी मोड म्हणतात, पण जुन्या टीव्हीत नसतो आणि नव्यात पण कधीकधी त्या पोर्टसाठी बंद ठेवलेला असतो. गेम मोड लावूनही आकडा फारसा कमी झाला नाही तर मधे काय जोडलंय ते बघा, साउंडबार किंवा ॲम्प्लिफायरमधून चित्र जात असेल तर कन्सोल थेट टीव्हीला लावून परत मोजा.

मग मॉनिटर किती फास्ट?

शेजारच्या मित्राचा मॉनिटर उचलून आणला, तोच कन्सोल, तोच गेम, तोच कंट्रोलर. १८ फ्रेम, ७५ मिलिसेकंद. म्हणजे गेम मोडमधल्या टीव्हीपेक्षा २ फ्रेम, ८ मिलिसेकंद कमी. ६० च्या गेमची जेमतेम अर्धी फ्रेम. आणि आपल्या मोजण्यातच व्हिडीओच्या एखाद्या फ्रेमची चूक धरली तर फरक त्याहून कमी पण असू शकतो. स्पर्धेत खेळणाऱ्याला अर्धी फ्रेम महत्त्वाची असेल, मान्य, पण रात्री जेवण झाल्यावर दोन तास खेळणाऱ्याला ती कळणार नाही.

याच्या मागे साधं गणित आहे. ६० हर्ट्झला स्क्रीनच्या मध्यावर चित्र पोचायलाच ८.३ मिलिसेकंद लागतात, मग तो जगातला सगळ्यात महागडा मॉनिटर का असेना. १२० ला हेच ४.२ होतात. चांगला टीव्ही गेम मोडमधे ६० हर्ट्झला १० ते १५ च्या आसपास असतो, मॉनिटर ९-१० ला असतो, आता यात वाचवायला उरलंच काय. खरी उडी बसते ती गेम १२० वर चालला तर, कारण तेव्हा स्क्रीनही पटकन रंगते आणि गेमही तुमचं बटण जास्त वेळा तपासतो. म्हणून "टीव्ही की मॉनिटर" पेक्षा "कन्सोलमधून १२० हर्ट्झ घेतो की नाही" हा प्रश्न लॅगसाठी मोठा आहे.

आणि एक गोम आहे जी मॉनिटरचे रिव्ह्यू वाचताना पटकन लक्षात येत नाही. मॉनिटरचा लॅग आणि रिस्पॉन्स टाईम बहुतेक वेळा त्याच्या सगळ्यात वरच्या रिफ्रेश रेटला मोजलेला असतो, १६५ ला, २४० ला. तुमचा कन्सोल देणार ६०, फार तर १२०. काही मॉनिटर १६५ ला झकास आणि ६० ला मात्र ढेपाळलेले असतात. रिव्ह्यूमधे ६० हर्ट्झचा वेगळा आकडा दिलाय का शोधा, नसेल तर तो रिव्ह्यू पीसीवाल्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

पायरी २: आता डोळ्याचं बघा

लॅग सुटला तरी भाचा म्हणाला, मामा अंधाऱ्या सीनमधे कॅमेरा फिरवला की सगळं पुसल्यासारखं दिसतं. हां, आता हा रिस्पॉन्स टाईमचा प्रश्न, पण इथेही पटकन निष्कर्ष नको कारण पुसट दिसायची दोन वेगळी कारणं असतात.

एक कारण पॅनेलचं, म्हणजे स्क्रीनच्या आतल्या पिक्सेलच्या पटलाचं, नसतंच. ६० फ्रेमवर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी उभं राहतं, आणि आपला डोळा मात्र हलणाऱ्या वस्तूमागे सरकत राहतो, त्यामुळे चित्र डोळ्यात पसरतं. एखादी गोष्ट सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जात असेल तर ६० ला ती साधारण १६ पिक्सेल पसरते, १२० ला ८. ओलेड नावाच्या पॅनेलचा पिक्सेल क्षणात बदलत असला तरी हे पसरणं त्यातही तेवढंच होतं. हे ओळखायचं कसं, तर एखाद्या गेममधे परफॉर्मन्स मोड असतो तो लावून १२० वर तोच कॅमेरा त्याच वेगाने फिरवा. पुसटपणा बघून कळण्याइतका कमी झाला तर दोष फ्रेमरेटचा होता. तसाच राहिला तर पॅनेल संथ आहे.

दुसरं कारण पॅनेलचं, आणि ते दिसतं पण वेगळं. त्यात सगळं एकसारखं मऊ होत नाही, वस्तूच्या मागे शेपूट राहते. भाच्याच्या टीव्हीत काळ्या खांबाच्या मागे शाईचा डाग ओढल्यासारखा दिसत होता, उजेडातल्या सीनमधे मात्र सगळं ठीक. फक्त अंधारात शेपूट म्हणजे जवळपास नक्की व्हीए जातीचं पॅनेल.

पायरी ३: पॅनेल निवडा

व्हीए पॅनेलचा काळा रंग चांगला काळा असतो, कॉन्ट्रास्ट ३००० ला १ किंवा वर, म्हणून टीव्हीत हे खूप वापरतात. पण अगदी काळ्यातून गडद राखाडीत जायला याचे पिक्सेल आळस करतात, बाकीच्या छटांत ५-६ मिलिसेकंदात जाणारा पिक्सेल इथे २०-३० पण घेऊ शकतो. बॉक्सवर सरासरी किंवा सगळ्यात चांगल्या बदलाचा आकडा छापतात, हा वाईट बदल तिथे कधी दिसत नाही. उजेडातले गेम, फुटबॉल, रेसिंग, यांना व्हीए काही वाईट नाही.

आयपीएस मधे शेपूट बरीच कमी आणि सगळ्या छटांत वेग साधारण सारखा, बाजूने बघितलं तरी रंग टिकतात. पण कॉन्ट्रास्ट १००० ला १ च्या आसपास, म्हणजे दिवे घालवून हॉरर गेम लावला की काळं हे काळं न दिसता राखाडी दिसतं आणि कोपऱ्यांत उजेड फुटल्यासारखा वाटतो. दिवसा किंवा दिवा लावून, टेबलावर जवळ बसून शूटर खेळणाऱ्याला मी आयपीएस मॉनिटरच सांगेन, तिथे दुसरा विचार नको.

ओलेडचा पिक्सेल मिलिसेकंदाच्या आतच बदलतो, शेपूट नाही, काळा पूर्ण काळा. पण याचेही नखरे आहेत. एक तर एकच गोष्ट रोज तासन् तास एकाच जागी राहिली, स्कोअरबोर्ड, मॅप, लाईफ बार, तर तिचा ठसा कायमचा उमटायची भीती असते, वेगवेगळे गेम खेळणाऱ्याला त्रास कमी, एकच गेम वर्षभर खेळणाऱ्याने विचार करावा. दुसरं, ३० फ्रेमचा गेम यावर जरा अडखळत चालल्यासारखा दिसतो. संथ पॅनेल एका चित्राला दुसऱ्यात मिसळून तो झटका लपवतं, ओलेड लपवत नाही. जुने ३० फ्रेमवाले गेम खूप खेळत असाल तर हे विकत घ्यायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. तिसरं म्हणजे व्हीआरआर, म्हणजे गेमच्या फ्रेमरेटप्रमाणे स्क्रीनचा रिफ्रेश बदलत ठेवणारी सोय, चालू असताना फ्रेमरेट वरखाली उड्या मारायला लागला की अंधाऱ्या भागात चित्र फडफडतं, लोडिंग स्क्रीनवर हमखास. व्हीएमधेही असं होतं. तो पीस खराब नाही, रिफ्रेश बदलला की गडद छटांचा उजेड किंचित बदलतो म्हणून होतं. फारच डोळ्यात खुपलं तर त्या गेमपुरतं व्हीआरआर बंद करा.

मॉनिटरवरच्या १ मिलिसेकंदाबद्दल राहिलंच. हा आकडा बऱ्याचदा ओव्हरड्राइव्ह सगळ्यात वर ठेवून काढलेला असतो. ओव्हरड्राइव्ह म्हणजे पिक्सेलला जोरात ढकलायचं म्हणजे तो लवकर पोचेल, पण फार जोरात ढकललं तर तो पुढे निघून जातो आणि परत येतो, मग काळ्या शेपटीच्या जागी वस्तूच्या मागे उजळ पांढरट कड दिसते, जी मला तरी शेपटीपेक्षा जास्त त्रास देते. आणि १४४ ला बरोबर बसणारी ओव्हरड्राइव्ह ६० ला जास्त पडते. म्हणून मॉनिटर आणलात तर मेन्यूत ती मधल्या पायरीवर ठेवा, पांढरी कड दिसली तर अजून एक पायरी खाली. काही ठिकाणी १ मिलिसेकंदाच्या पुढे बारीक अक्षरात एमपीआरटी लिहिलेलं असतं, तो तर पिक्सेलचा वेग नाहीच, बॅकलाईट लुकलुकवून मिळवलेला आकडा आहे, आणि ते चालू केलं की उजेड कमी होतो आणि बऱ्याच मॉनिटरवर व्हीआरआर बंद पडतं.

पायरी ४: पोर्ट, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

कन्सोलला डिस्प्लेपोर्ट नसतो, फक्त एचडीएमआय. मॉनिटरवर मोठ्या अक्षरात "४के १४४ हर्ट्झ" लिहिलेलं असतं आणि ते डिस्प्लेपोर्टवर खरंही असतं, पण त्याचा एचडीएमआय पोर्ट २.० चा निघाला तर ४के ला ६० वरच अडकाल. १४४०पी मॉनिटर असेल तर मात्र २.० वरही १२० मिळू शकतं, प्लेस्टेशन ५ ला १४४०पी चा सपोर्ट २०२२ मधे आला, एक्सबॉक्सला त्याच्या आधीपासून आहे. व्हीआरआर हवं असेल तर अजून एक भानगड, प्लेस्टेशन ५ ला एचडीएमआय २.१ वालंच व्हीआरआर लागतं, मॉनिटरवरचं फ्रीसिंक नावाचं व्हीआरआर त्याला कळत नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस ला फ्रीसिंक पण चालतं. म्हणजे तोच मॉनिटर मित्राच्या कन्सोलला मस्त आणि तुमच्या कन्सोलला अर्धवट असं होऊ शकतं.

नुसतं "एचडीएमआय २.१" वाचूनही खूश होऊ नका, त्यातल्या सगळ्या गोष्टी दिल्याच पाहिजेत असं बंधन नाही. स्पेसिफिकेशनमधे थेट "एचडीएमआयवर ४के १२०" असं वाक्य शोधा. टीव्हीत पण तेच, चार पोर्टपैकी बऱ्याचदा दोनच पूर्ण वेगाचे असतात. आणि "मोशन रेट १२०" किंवा असलं काही नाव असेल तर आतलं पॅनेल ६० चं असायची शक्यता भरपूर, "नेटिव्ह १२० हर्ट्झ" असे शब्द असले पाहिजेत.

पायरी ५: बसायची जागा मोजा

टेप घ्या आणि डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत मोजा, खरंच मोजा, अंदाज नको. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटीमीटर रुंद असतो, ७० सेंटीमीटरवर बसलात तर नजरेचा ४६ अंशांचा भाग भरतो. ५५ इंची टीव्ही १२२ सेंटीमीटर रुंद, १४० सेंटीमीटरवर बसलात तर तेवढाच भाग. म्हणजे जागा असेल तर दोन्ही सारखेच मोठे दिसतात. पण भाचा पलंगावर बसून खेळतो, अंतर २ मीटर. तिथून २७ इंची मॉनिटर जेमतेम १७ अंश भरला असता, लांबचा शत्रू आणि मेन्यूतली अक्षरं दोन्ही दिसली नसती. इथेच मॉनिटर बाद झाला, मिलिसेकंदांवर पोचायची गरजच पडली नाही. उलट टेबल-खुर्चीवाला असता तर ५५ इंची टीव्ही ७० सेंटीमीटरवर मान फिरवून फिरवून बघावा लागला असता, स्क्रीनच्या कोपऱ्यातला मॅप नजरेतच आला नसता.

आवाजाचं पण बघा, मॉनिटरचे स्पीकर नावापुरते असतात, काहींना नसतातच. आणि एचडीआरच्या बाबतीत "एचडीआर ४००" लिहिलेल्या मॉनिटरकडून फार अपेक्षा नको, त्यात लोकल डिमिंग, म्हणजे अंधाऱ्या भागापुरता मागचा उजेड कमी करायची सोय, असलंच पाहिजे असं नाही.

भाच्याने काय घेतलं

पलंगावरून, रात्री, दिवे घालवून, अंधारे गेम जास्त, दर महिन्याला गेम बदलणारा. म्हणून ४८ इंची ओलेड टीव्ही, नेटिव्ह १२०. आयपीएस टीव्ही त्या अंधाऱ्या खोलीत राखाडी दिसला असता आणि व्हीए तर त्याने आधीच बघितला होता.

टीव्ही आला, जोडला, आणि साहेबांचा परत फोन, मामा १२० येतच नाहीये. परत करायची मुदत चालू होती त्यामुळे तो टीव्ही परत पाठवायलाच निघाला होता. कन्सोलमधे बघायला सांगितलं, प्लेस्टेशन ५ वर इथे जा:

```
Settings > Screen and Video > Video Output > Video Output Information
```

एक्सबॉक्सवर हेच इथे मिळतं:

```
Settings > General > TV & display options > 4K TV details
```

तिथे ४के ला १२० हर्ट्झचा सपोर्टच दाखवत नव्हता. आधी केबल बघितली, कन्सोलसोबत आलेली होती, ठीक. जुनी पडलेली केबल लावली असती तर तीच चोर निघाली असती, त्यावर अल्ट्रा हाय स्पीड लिहिलेलं लागतं. मग पोर्ट बघितला तर त्याने कन्सोल सवयीने पहिल्या पोर्टला लावला होता, पूर्ण वेगाचे पोर्ट तिसरा आणि चौथा. तिसऱ्यात लावला तरी येईना, कारण टीव्हीच्या मेन्यूत प्रत्येक पोर्टसाठी वेगळं एचडीएमआयचं जादा सिग्नलचं सेटिंग असतं आणि ते बंद होतं, कंपनीप्रमाणे त्याचं नाव बदलतं. ते चालू केलं, कन्सोल बंद करून परत चालू केला, १२० आलं.

मग परत मोबाईल काढायला लावला. गेम वेगळा होता, १२० मोडवाला, त्यामुळे आधीच्या आकड्याशी थेट तुलना होत नाही हे त्याला सांगितलं, म्हणून त्याच गेमचं ६० आणि १२० असं दोन्ही मोजलं. ६० ला १९ फ्रेम, १२० ला १३. म्हणजे साधारण ७९ वरून ५४ मिलिसेकंद. काळ्या खांबामागची शेपूट गेली होती, लोडिंग स्क्रीन मात्र फडफडत होती, त्याला म्हटलं ती फडफडणारच, तेवढ्यासाठी टीव्ही परत पाठवू नकोस.